‘ओरायन’चे दोन रकाने

नारायण पेठेतील केसरीवाड्यापासून चार पावलांवर, एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर, आम्ही काही मित्र दर पंधरवड्याला एकत्र बसून एखादा दीर्घ निबंध वाचतो. गेल्या पावसाळ्यात आम्ही लोकमान्य टिळकांचा ‘ओरायन’ हाती घेतला. वाड्याच्या शेजारी बसून वाड्याच्या धन्याचा ग्रंथ वाचावा एवढाच त्यामागील भाव होता. ग्रंथ लिहिला गेला तेव्हा तो वाडा टिळकांचा नव्हता, ही गोष्ट आम्हांस ठाऊक होती. ग्रंथ प्रसिद्ध झाला १८९३ साली, आणि गायकवाड वाडा त्यांच्याकडे आला विसाव्या शतकाच्या आरंभी.

‘ओरायन’ हा मुळात ग्रंथ नव्हे, लांबलेला निबंध आहे. १८९२ साली लंडनला भरलेल्या नवव्या प्राच्यविद्या परिषदेसाठी टिळकांनी तो लिहिला. परंतु तो इतका वाढला की परिषदेच्या वृत्तांतात मावेना. म्हणून परिषदेकडे केवळ सारांश गेला आणि मूळ निबंध पुढल्या वर्षी आठ प्रकरणांचे पुस्तक होऊन बाहेर पडला. सिद्धांत थोडक्यात असा: वेदांतील काही सूक्ते व कथा ज्या काळी रचल्या गेल्या, त्या काळी वसंतसंपात मृगशीर्ष नक्षत्रात होता, म्हणून त्या काळाची मर्यादा इसवी सनापूर्वी सुमारे ४००० वर्षांपर्यंत मागे जाते.

या ग्रंथाविषयी आपल्याकडे दोनच प्रकारची वाक्ये ऐकू येतात. एक, टिळकांनी गणिताने वेदांचा काळ सिद्ध केला. दुसरे, तो सगळा देशाभिमानाचा खेळ होता. दोन्ही वाक्ये बोलणाऱ्यांनी ग्रंथ उघडलेला असतोच असे नाही. आमच्या वर्गांतील विद्यार्थी यांपैकी एक वाक्य उत्तरपत्रिकेत उतरवून मोकळे होतात. तेव्हा आम्ही ठरविले की, मत द्यायचे नाही. डाव्या रकान्यात विधान आणि उजव्या रकान्यात त्याचा आधार, असे साधे कोष्टक मांडायचे. आमच्यातील एक ज्येष्ठ मित्र यावर नाराज झाले. “टिळकांना तुम्ही हिशेबाच्या वहीत बसवणार काय?” असे त्यांनी विचारले. पुढे त्याच मित्रांनी आमच्या पहिल्या कोष्टकातील सर्वांत मोठी चूक दाखविली, म्हणून त्यांचा येथे उल्लेख.

पहिले कोष्टक आम्ही प्रकरणवार केले. वाचता वाचता जे विधान दिसेल ते डावीकडे आणि त्यापुढे ग्रंथकार जे सांगतो ते उजवीकडे. चाळीसहून अधिक ओळी झाल्या आणि कोष्टक भरगच्च, समाधानकारक दिसू लागले. त्यातली एक ओळ अशी होती. डावीकडे: ‘एके काळी वर्षाचा आरंभ मृगशीर्षापाशी होत असे.’ उजवीकडे: ‘प्रजापती म्हणजे वर्ष, मृगरूप प्रजापतीचे शिर छेदले जाते, म्हणजे जुने वर्ष संपून नवे सुरू होते.’ ज्येष्ठ मित्रांनी विचारले, “उजवीकडचे वाक्य ऐतरेय ब्राह्मणात आहे काय?” आम्ही मूळ काढून पाहिले. ऐतरेय ब्राह्मणाच्या तिसऱ्या पंचिकेत कथा आहे ती अशी: प्रजापती हरणाचे रूप घेऊन रोहिणी झालेल्या आपल्याच कन्येच्या मागे लागतो, देव रुद्राकडून त्याला बाण मारवितात, आणि मग तो मृग, त्याचा व्याध, ती रोहिणी व तो तीन कांडांचा बाण आकाशात दिसतात, असे ते ब्राह्मणच सांगते. कथा आकाशातील ताऱ्यांची आहे, याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. पण जुने वर्ष संपून नवे सुरू होण्याची गोष्ट त्या कथेत नाही. ब्राह्मणग्रंथांत प्रजापतीला अनेक ठिकाणी संवत्सर म्हटले आहे, त्यावरून टिळकांनी केलेली ती जोडणी आहे. म्हणजे आम्ही उजव्या रकान्यात पुरावा म्हणून जे लिहिले होते ते ग्रंथकाराचे दुसरे विधानच होते.

न्यायशास्त्रात या दोषाला ‘साध्यसम’ म्हणतात. जे सिद्ध करावयाचे त्याच्याइतकाच हेतूही असिद्ध असतो. निबंध सलग वाचताना हा दोष जाणवत नाही, कारण चांगला लेखक एका विधानावरून दुसऱ्यावर वाचकाला अलगद नेतो. टिळक तर वकिलीचे शिक्षण घेतलेले. कोष्टकातही तो जाणवेलच असे नाही. उलट रकाना भरला की पुरावा मिळाल्यासारखे वाटते. यावर आम्ही एक साधी कसोटी ठरविली. डावा रकाना हाताने झाकावा आणि उजवीकडचे वाक्य अशा माणसाला वाचून दाखवावे, ज्याला टिळकांचा सिद्धांत मान्य नाही. ‘हो, असे त्या ग्रंथात आहे’ किंवा ‘हो, आकाशात असे दिसते’ असे तोही म्हणाला, तर ते वाक्य उजवीकडे राहील. तो ‘हा तुमचा अर्थ’ असे म्हणाला, तर ते वाक्य डावीकडे न्यावे, त्याला स्वतःचा क्रमांक द्यावा आणि त्याच्यासाठी आधार पुन्हा शोधावा.

या कसोटीने निम्म्याहून अधिक ओळींचा उजवा भाग डावीकडे सरकला. आता अडचण अशी आली की, काही विधानांच्या पुढे ग्रंथातील वचन नव्हतेच. त्यांचा आधार म्हणजे आधीची विधाने. तिसरा रकाना काढण्याचा मोह आम्ही टाळला. उजव्या रकान्यात दोनच गोष्टी लिहिता येतील असा नियम केला: मूळ ग्रंथातील किंवा आकाशातील वस्तुस्थिती, अथवा दुसऱ्या विधानाचा क्रमांक. एवढ्याने कोष्टकाला खोली आली. कोणते विधान जमिनीवर उभे आहे आणि कोणते दुसऱ्याच्या खांद्यावर, हे दिसू लागले.

दुसरी चूक मोजणीची होती. मृगशीर्षाला वर्षारंभाचा मान होता यासाठी आम्ही तीन पुरावे लिहिले होते: गीतेच्या दहाव्या अध्यायात श्रीकृष्ण महिन्यांमध्ये स्वतःला मार्गशीर्ष म्हणवितो ते वचन, त्या महिन्याचे ‘आग्रहायण’ हे नाव, ज्यात ‘अग्र’ म्हणजे पुढचा आणि ‘हायन’ म्हणजे वर्ष, आणि मृगशीर्ष नक्षत्रालाच ‘आग्रहायणी’ म्हणणारा अमरकोश. टिळकांना या शोधाची पहिली चाहूल गीतेच्या त्या वचनावरूनच लागली, असे त्यांनी प्रस्तावनेत सांगितले आहे. परंतु हे तीन स्वतंत्र साक्षीदार नव्हेत. मार्गशीर्षाला महिन्यांत अग्रमान होता ही एकच परंपरा तिघांच्या मुखाने बोलते. तीन ओळींची एक ओळ केली, तेव्हा पुराव्याचे वजन कमी झाले नाही. फक्त खोटे वाढलेले वजन उतरले.

असे करीत करीत ग्रंथाचा कणा सहा ओळींत आला. तो येथे देतो.

| विधान | आधार |
|---|---|
| १. एके काळी वसंतसंपात कृत्तिकांत होता. | तैत्तिरीय संहिता व ब्राह्मणातील नक्षत्रांच्या याद्या कृत्तिकांपासून सुरू होतात. |
| २. त्याआधी वर्षारंभ मृगशीर्षाशी निगडित होता. | ‘आग्रहायणी’ हे नाव; महिन्यांत मार्गशीर्षाचा अग्रमान. |
| ३. फाल्गुनी पौर्णिमेला उत्तरायणाचा आरंभ होत असे. | तैत्तिरीय संहिता ७.४.८ मध्ये सत्राच्या दीक्षेसाठी फाल्गुनी पौर्णिमेला संवत्सराचे मुख म्हटले आहे. |
| ४. मृगाची कथा त्या जुन्या वर्षारंभाची आठवण आहे. | ऐतरेय ब्राह्मणातील मृग, व्याध, रोहिणी व बाण हे तारे आहेत. शिवाय विधान २. |
| ५. वसंतसंपात मृगशीर्षात होता. | विधाने २, ३ व ४. |
| ६. तो काळ इ.स.पू. ४००० च्या सुमाराचा. | विधान ५. संपाताची मागे सरकण्याची गती, सुमारे ७२ वर्षांत एक अंश. |

आता सहाव्या ओळीपासून वर जाऊ. गणित म्हणतात ते एवढेच आहे, आणि ते कोणालाही पडताळता येते. कृत्तिकांचा तारकापुंज संपातावर असण्याचा काळ इ.स.पू. २३०० च्या आसपास येतो. कृत्तिका आणि मृगशीर्षाचे तारे यांत क्रांतिवृत्तावर सुमारे २४ अंशांचे अंतर आहे. २४ ला ७२ ने गुणले की १७०० हून थोडी अधिक वर्षे होतात. ती मागे मोजली की आपण इ.स.पू. ४००० ला पोहोचतो. तिसऱ्या ओळीवरूनही तेच उत्तर येते. फाल्गुनी पौर्णिमेला चंद्र उत्तरा फाल्गुनीपाशी असतो, म्हणून सूर्य त्याच्या समोर, भाद्रपदांच्या बाजूस असतो. त्या ठिकाणी सूर्य असताना उत्तरायण सुरू होत असेल, तर काळ पुन्हा त्याच सुमाराचा निघतो. दोन वाटा एका ठिकाणी मिळतात हे टिळकांच्या मांडणीचे खरे सामर्थ्य आहे, आणि ते कोष्टकात सलग निबंधापेक्षा अधिक स्पष्ट दिसते. याच सुमारास जर्मनीत हेर्मान याकोबी स्वतंत्रपणे जवळपास याच निष्कर्षाला आला होता, हेही ध्यानात घेतले पाहिजे.

तेव्हा गणितात खोट नाही. परंतु गणित हे एकाच ओळीत आहे, आणि ती ओळ पाचवीच्या खांद्यावर उभी आहे. पाचवी तीन पायांवर उभी आहे. त्यांतला चौथा पाय दुसऱ्यावर टेकलेला आहे, म्हणजे स्वतंत्र पाय दोनच: दुसरा आणि तिसरा. वादाची जागा तेथे आहे.

दुसऱ्या ओळीत वस्तुस्थिती आणि विधान यांच्यामध्ये एक पायरी गुप्त आहे. मार्गशीर्ष वर्षाचा पहिला महिना होता असे मानले, तर वर्षारंभ त्या महिन्याच्या ऋतूत होता एवढेच निघते. वसंतसंपात मृगात होता हे निघत नाही. टिळकांना ही अडचण ठाऊक होती. म्हणून महिन्याचे नाव नक्षत्रावरून आले, आणि नक्षत्राला ते नाव वर्षाच्या अग्रभागी असल्यामुळे मिळाले, असा त्यांचा आग्रह आहे. मार्गशीर्षी पौर्णिमेलाच उत्तरायण सुरू होत असे म्हणावे, तर काळ इतका भलताच येतो की तो पर्याय त्यांनी बाजूला सारला, आणि ते योग्यच होते. परंतु वर्ष अयनापासून किंवा संपातापासूनच सुरू झाले पाहिजे असे कोठे आहे? ऋग्वेदात ‘हिमा’ आणि ‘शरद्’ हे ऋतुवाचक शब्दच वर्ष या अर्थी येतात. मार्गशीर्षापासून हेमंत सुरू होतो. हेमंतापासून वर्ष मोजणाऱ्यांनी त्या महिन्याला अग्रमान दिला असेल, तर नक्षत्राचे नाव पौर्णिमेवरून मागाहून पडलेले असू शकते. अशा वेळी दुसरी ओळ खोटी ठरत नाही, पण पाचवीला तिचा टेकू राहत नाही.

आता तिसरी ओळ. ग्रंथाचा खरा भार हिच्यावर आहे. तैत्तिरीय संहितेतील तो उतारा वर्षभर चालणाऱ्या गवामयन सत्राच्या दीक्षेविषयी आहे. दीक्षा केव्हा घ्यावी याचे पर्याय तेथे एकामागून एक येतात. पहिला एकाष्टकेचा, म्हणजे माघ वद्य अष्टमीचा. त्यात दोष असा की दीक्षा घेणारा वर्षाच्या पीडित भागात सापडतो. दुसरा फाल्गुनी पौर्णिमेचा. तिला संवत्सराचे मुख म्हटले आहे, पण सत्राचा मधला दिवस, विषुवान्, ढगाळ काळात येतो हा तिचा दोष. तिसरा चित्रापौर्णिमेचा, तीही संवत्सराचे मुख, आणि तिच्यात दोष नाही. शेवटी पौर्णिमेच्या आधी चार दिवस दीक्षा घ्यावी असा निर्णय येतो. टिळकांचा युक्तिवाद असा: एकाच वर्षाला निरनिराळी मुखे असणार नाहीत, तेव्हा ही निरनिराळ्या काळांतील वर्षारंभांची जपून ठेवलेली स्मृती आहे. एकाष्टका कृत्तिकाकाळाची, फाल्गुनी मृगकाळाची, आणि चित्रा त्याही आधीच्या, संपात पुनर्वसूत असतानाच्या काळाची.

हा युक्तिवाद बुद्धिमान आहे यात वाद नाही. परंतु कोष्टकात तो लिहू लागलो तेव्हा उजवीकडे एक गोष्ट लिहावी लागली, जी पहिल्या वाचनात आमच्या नजरेतून सुटली होती: उताऱ्याने प्रत्येक पर्यायाचे गुणदोष स्वतःच दिले आहेत, आणि ते ऋतूंचे आहेत. फाल्गुनापासून सहा महिने मोजले की भाद्रपद येतो, म्हणून आकाश ढगाळ; चैत्रापासून मोजले की आश्विन, म्हणून निरभ्र. ही चर्चा एकाच काळच्या, एकाच पंचांगाच्या याज्ञिकांची दिसते. ते मुहूर्त निवडत आहेत. इतिहास सांगत नाहीत. प्राचीन स्मृती तीत दडलेली नसेलच असे म्हणता येत नाही. पण ‘दडलेली आहे’ हे विधान होय, आणि त्याला स्वतंत्र आधार लागेल.

गेओर्ग ब्यूलरने १८९४ साली या संशोधनाचे बहुतांशी स्वागत केले, तर त्याच वर्षी अमेरिकेत व्हिटनीने आणि पुढल्या वर्षी थीबोने त्यावर आक्षेप घेतले. थीबोचा मुख्य घाव नेमका तिसऱ्या ओळीवर आहे. फाल्गुनी पौर्णिमा हे संवत्सराचे मुख खरे, पण ते वसंताचे मुख म्हणून, असे तो म्हणतो. चातुर्मास्य यज्ञांतील पहिले पर्व, वैश्वदेव, फाल्गुनी पौर्णिमेला होते आणि ब्राह्मणग्रंथ त्याचा संबंध वसंताशी जोडतात. इ.स.पू. १००० च्या सुमारास फाल्गुनी पौर्णिमा उत्तरायणानंतर साधारण सहा आठवड्यांनी येई. चांद्रमासामुळे दोन आठवडे इकडे-तिकडे धरले, तरी उत्तर हिंदुस्थानात थंडी ओसरण्याची वेळ तीच. म्हणजे ज्या वचनावरून टिळक चार हजारांवर जातात, तेच वचन तीन हजार वर्षे अलीकडेही तितकेच सुखाने बसते.

एका ओळीवर घाव पडल्याने काय काय ढासळते, हे पाहण्यासाठी कोष्टकाचा खरा उपयोग झाला. तिसरी ओळ खोडली की पाचवीला दुसरी आणि चौथी उरतात, आणि चौथी दुसरीवरच टेकलेली असल्याने प्रत्यक्षात एकच आधार उरतो. सहावी ओळ, म्हणजे गणित, चुकत नाही. तिला मोजायला काही उरत नाही. पहिली ओळ मात्र यातून अस्पर्श राहते. ती पाचवीवर अवलंबून नाही, आणि तिच्यासाठी दुसऱ्याच कोणी आणलेला पुरावाही आहे. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी शतपथ ब्राह्मणातील एक वचन पुढे आणले: कृत्तिका पूर्व दिशेपासून ढळत नाहीत. त्यावरून त्यांनी इ.स.पू. ३००० च्या सुमाराचा काळ काढला. त्या वचनाच्या अर्थाविषयीही वाद आहेत, पण तो वाद निराळा. ‘टिळक खोटे ठरले’ असे सरसकट म्हणणाऱ्याला आणि ‘सिद्ध झाले’ म्हणणाऱ्याला, दोघांनाही कोणत्या ओळीविषयी बोलता ते आता विचारता येते.

ऋग्वेदाचा काळ आज अभ्यासक सामान्यतः इ.स.पू. १५०० ते १००० च्या दरम्यान धरतात. त्यांची कारणे मुख्यतः भाषेची व पुरातत्त्वाची आहेत, आणि ती ‘ओरायन’च्या कोष्टकात बसत नाहीत. त्यांचे कोष्टक वेगळे मांडावे लागेल, आणि त्यालाही हाताने रकाना झाकण्याची तीच कसोटी लावावी लागेल.

कोष्टकाने गमावले काय, तेही सांगितले पाहिजे. पाचव्या ते सातव्या प्रकरणांत टिळक ग्रीक ओरायन, पारशांचा चिन्वत् पूल, ऋभू, वृषाकपी अशा दूरदूरच्या गोष्टी एका ताऱ्यांच्या आकृतीभोवती जमवितात. त्यांतली एकही ओळ एकटी उभी राहत नाही, म्हणून आमच्या कण्यात ती आली नाही. पण टिळकांचे म्हणणे असे की, इतक्या कथा एका जागी येणे हाच पुरावा आहे. अशा साकल्याच्या पुराव्याला दोन रकान्यांत जागा नाही. तो तुकड्यांनी तपासला की विरतो, एकत्र पाहिला की पुन्हा उभा राहतो. आम्ही कोष्टकाखाली तेवढी नोंद करून ठेवली.

ज्येष्ठ मित्रांना अखेरचा कागद दाखविला. त्यांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला आणि तिसऱ्या ओळीवर बोट ठेवले. “इथे त्यांनी खरा जुगार खेळला,” ते म्हणाले, “आणि तो कुठे खेळला हे मला पन्नास वर्षांत कळले नव्हते.” मग त्यांनी तो कागद घडी करून आपल्या ‘ओरायन’च्या प्रतीत, चौथ्या प्रकरणापाशी ठेवला.